फळ्याचा खर्च कोणाचा?

मार्च २०२०च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि १५ जूनला नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण चालू’ अशी घोषणा सर्वत्र ऐकू येऊ लागली. घोषणेमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या घोषणेने एक मोठे आर्थिक स्थित्यंतर कोणाच्या फारसे लक्षात न येता घडवून आणले. शाळेची इमारत, फळा, खडू, बाके आणि घंटा यांचा खर्च तोवर शासन, स्थानिक संस्था किंवा शिक्षणसंस्था करीत होती. वर्ग दूरध्वनीच्या पडद्यावर आला त्या दिवशी हा सारा खर्च पालकाच्या खिशाकडे वळला. मोबाइल हा नवा फळा झाला आणि डेटा हा नवा खडू. या दोहोंची तरतूद मात्र कोणत्याही शैक्षणिक अंदाजपत्रकात नव्हती. ग्रामीण आणि शहरी विद्यार्थ्यांमधील डिजिटल दरीची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होते. वस्तुतः तो प्रथम खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आहे.

ही वाटणी कोणत्या पायावर झाली, हे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीवरून दिसते. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातील या पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता; शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात १४.९ टक्के, तर शहरांत ४२ टक्के होती. म्हणजे टाळेबंदीच्या आधी दोनच वर्षांपूर्वी देशातील बहुसंख्य ग्रामीण घरांत ऑनलाइन वर्गाचे दारच नव्हते. शहरांतही निम्म्याहून अधिक घरे बाहेरच होती, हेही विसरता कामा नये. दरी केवळ गाव आणि शहर यांच्यात नसून ती मिळकतीच्या पायऱ्यांवरही आहे. गावात मात्र दोन्ही उणिवा एकत्र येतात, म्हणून ती तेथे अधिक खोल भासते.

घरातील फोन आणि मुलाच्या हातातील फोन

पुढील काही वर्षांत चित्र झपाट्याने पालटले, हे मान्य केले पाहिजे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होते. २०२०मध्ये ते ६१.८ टक्के आणि २०२१मध्ये ६७.६ टक्के झाले. अनेक पालकांनी कर्ज काढून, दागिना किंवा शेळी विकून हे फोन घेतले. २०२५च्या आरंभी झालेल्या शासकीय दूरसंचार पाहणीत तर ग्रामीण भागातील ८३.३ टक्के कुटुंबांच्या घरी इंटरनेट पोहोचल्याचे आढळले; शहरांत हे प्रमाण ९१.६ टक्के होते. या आकड्यांकडे बोट दाखवून दरी बुजल्याचे सांगितले जाते. घरटी मोजणी केली तर ते बरोबरही आहे.

परंतु शिकते ते घर नव्हे, मूल शिकते. २०२१च्या त्याच पाहणीत एक पुढचा प्रश्न विचारला गेला होता: घरात स्मार्टफोन असेल, तर तो अभ्यासासाठी मुलाला मिळतो का? ज्यांच्या घरी फोन होता अशा मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो केव्हाही मिळत होता, सुमारे निम्म्यांना अधूनमधून मिळत होता आणि उरलेल्या २६ टक्के मुलांना तो मुळीच मिळत नव्हता. घरटी मोजणीत ही सारी मुले ‘सोय असलेली’ म्हणून गणली गेली होती. ताटात भाकरी आहे का, हे पाहण्याऐवजी घरात पीठ आहे का, एवढेच पाहून भुकेची मोजदाद करावी, तसाच हा प्रकार झाला.

हा फरक पुसला गेलेला नाही. २०२४च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारी मुले ३१ टक्केच होती. त्यातही मुलांमध्ये हे प्रमाण ३६.२ टक्के, तर मुलींमध्ये २६.९ टक्के होते. म्हणजे घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेली सोय उंबरठ्याच्या आत पुन्हा वाटली जाते, आणि त्या वाटपात मुलगी मागे राहते.

एका कुटुंबाचा हिशेब

उंबरठ्याच्या आतील हे वाटप कसे होते, हे समजण्यासाठी एक नमुना हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. २०२०च्या जुलै महिन्यातील मराठवाड्यातील एक शेतमजूर कुटुंब घेऊ. घरात नववी, सातवी आणि चौथीत शिकणारी तीन मुले आणि एक स्मार्टफोन आहे. चाळीस मिनिटांच्या तासिका नववीला रोज चार, सातवीला तीन आणि चौथीला दोन आहेत, असे धरू. एकूण नऊ तासिका होतात. म्हणजे सहा तास. चलचित्रासह चालणारा वर्ग कमी दर्जाच्या चित्रावरही तासाला सुमारे अर्धा जीबी डेटा खातो. त्यानुसार रोजची गरज तीन जीबी झाली. त्या काळी सर्वसाधारण कुटुंबे जो रिचार्ज करीत, त्यात रोज दीड जीबी डेटा मिळे. तेव्हा फोन दिवसभर घरात राहिला, तरी निम्म्या तासिका डेटाअभावी बुडणार, हे उघड आहे. उरलेल्या निम्म्यांचीही शाश्वती नाही, कारण तिघांचेही वर्ग सकाळी दहा ते एक याच वेळात भरतात आणि एका पडद्यावर एका वेळी एकच वर्ग बसू शकतो.

पण फोन दिवसभर घरात राहतच नाही. तो वडिलांबरोबर कामावर जातो, कारण उद्याचे काम त्याच फोनवर ठरते. सायंकाळी सातला तो घरी येतो आणि दहापर्यंत मुलांच्या वाट्याला येतो. तीन तास आणि तीन मुले. म्हणजे प्रत्येकी एक तास. या तासात शिक्षकाचा प्रत्यक्ष वर्ग भेटत नाही, कारण तो दुपारीच संपलेला असतो. मिळते ती शिक्षकाने गटावर पाठविलेली ध्वनिचित्रफीत किंवा गृहपाठाचे छायाचित्र. त्याच वेळी सारे गाव घरी परतून फोन उघडते आणि एकाच मनोऱ्यावर भार पडून चित्र अडखळू लागते. मनोऱ्याची क्षमता ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक असते. सगळ्यांनी एकदम पोहरे सोडले की कोणाचाच पोहरा भरून येत नाही. त्यात वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली, म्हणजे तोही तास हातचा जातो.

आता पैशाचा हिशेब पाहू. दीड जीबीच्या २८ दिवसांच्या रिचार्जला त्या वर्षी दोनशे ते अडीचशे रुपये पडत. महाराष्ट्रात २०२०-२१ या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका रिचार्जला एका दिवसाची मजुरी, आणि मुलांची गरज पुरवायची तर दोन दिवसांची. वर्गाला उपयोगी पडेल असा साधा फोन सात हजारांच्या आसपास धरला, तर दुसऱ्या फोनसाठी महिनाभराची मजुरी बाजूला ठेवावी लागते. जुलै २०२४मध्ये कंपन्यांनी दर वाढविले आणि तोच रिचार्ज तीनशे ते साडेतीनशे रुपयांवर गेला. २०२४-२५ची रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. दर वाढला, मजुरी वाढली. पण एका रिचार्जला निदान एक दिवस हे प्रमाण जागच्या जागी राहिले.

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घरी तारेने येणारी ब्रॉडबँड जोडणी असते. महिन्याचे ठरावीक भाडे भरले, की दोन मुलांनी दोन पडद्यांवर सहा तास वर्ग केले तरी बिल वाढत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर त्याच्यासाठी आणखी एका तासिकेचा सीमांत खर्च शून्य असतो. मजूर कुटुंबासाठी प्रत्येक तासिका रोजच्या मोजक्या शिध्यातून कापून द्यावी लागते. एकाच अभ्यासक्रमाची एकच तासिका एका घरी फुकट आणि दुसऱ्या घरी मोजून मिळते. विषमतेचे मूळ इथे आहे.

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांत तर याहून बिकट स्थिती होते. दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि फोन त्यांच्याबरोबर जातो, कारण मुकादमाशी आणि घराशी संबंध त्याच्यावरच अवलंबून असतो. मूल आजीजवळ गावी राहिले तर फोन नाही. फडावर गेले तर शाळा नाही. नंदुरबारमधील धडगाव, गडचिरोलीतील भामरागड किंवा मेळघाट यांसारख्या डोंगरी आणि अरण्यप्रदेशांतील कित्येक पाड्यांवर संदेशवहनच पोहोचत नव्हते. तेथे या हिशेबाला आरंभच होऊ शकत नव्हता.

हजेरीपटाची फसवणूक

ही स्थिती वेळीच का कळली नाही, याचेही कारण समजून घेतले पाहिजे. ऑनलाइन वर्गाचा हजेरीपट वर्गात शिरणाऱ्याची नोंद घेतो, टिकणाऱ्याची नव्हे. दहाला नाव दिसले, दहा वाजून सात मिनिटांनी संपर्क तुटला, तरी हजेरी लागलेली असते. डेटा वाचविण्यासाठी मुले कॅमेरा बंद ठेवतात. शिक्षकापुढे चेहऱ्यांऐवजी काळे चौकोन उरतात आणि प्रश्न विचारल्यावरची शांतता ही अनास्थेची की तुटलेल्या संपर्काची, हे त्याला उमगत नाही. गटावर पाठविलेली चित्रफीत ‘पाहिली’ अशी खूण दिसली, तरी ती वडिलांनी पाहिली की मुलाने, हे खूण सांगत नाही. खरी परीक्षा दोनच गोष्टींनी होते. विद्यार्थी किती मिनिटे सलग जोडलेला होता, ही एक. आणि त्याने स्वतःच्या हाताने सोडविलेला स्वाध्याय परत आला का, ही दुसरी. वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यांत मात्र ‘ऑनलाइन जोडलेले विद्यार्थी’ एवढाच रकाना असेल, तर तो भरून दाखविण्यात कोणाला अडचण पडत नाही.

परिणाम शाळा उघडल्यावर दिसला. ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. या दोन हालचालींतून एक बोध निघतो. घरोघरी फोन वाढत असतानाच वाचन घसरले, आणि शाळा भरू लागल्यावर व पायाभूत वाचनाकडे लक्ष पुरविल्यावर ते सावरले. फोनामुळेच घसरण झाली असे यातून सिद्ध होत नाही. पण फोन शाळेची जागा घेऊ शकला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

स्वस्त माध्यमाचे महत्त्व

याच काळात वेगळी वाट धरणारेही होते. केरळने १ जून २०२० रोजी ‘व्हिक्टर्स’ या शैक्षणिक वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग सुरू केले. त्याआधी ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी किंवा इंटरनेट यांपैकी काहीच नाही अशा विद्यार्थ्यांची गणना झाली. ती संख्या सुमारे २ लाख ६० हजार भरली. त्यांच्यासाठी ग्रंथालये आणि तत्सम सार्वजनिक ठिकाणी दूरचित्रवाणी संचांची सोय करण्यास आरंभ झाला. ही सोय सर्वांपर्यंत वेळेत पोहोचली नाही आणि त्याची दुःखद किंमतही मोजावी लागली. तरी क्रम महत्त्वाचा आहे: आधी वंचितांची मोजणी, मग माध्यमाची निवड. महाराष्ट्रातही जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका प्रक्षेपित झाली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली. सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले गेले.

या उपायांमागील अर्थशास्त्र साधे आहे. प्रक्षेपणाचा खर्च एकदाच होतो. एकाने पाहिले काय किंवा एक लाखांनी पाहिले काय, पाहणाऱ्यावर प्रत्येक तासिकेचा वेगळा भार पडत नाही. ध्वनिफितीचेही तसेच आहे. बोललेला एक तासाचा पाठ सुमारे तीस एमबीत बसतो. चित्रासह चालणारा वर्ग त्याच्या पंधरा ते वीसपट डेटा घेतो. अर्थात या माध्यमांना मर्यादा आहेत. आकाशवाणीला शंका विचारता येत नाही आणि भिंत वही तपासत नाही. म्हणून प्रक्षेपण किंवा ध्वनिफीत आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाची वस्तीवर प्रत्यक्ष भेट, अशी सांगड लागते. पण ज्या माध्यमाने सर्वांपर्यंत पोहोचता येते त्याला दुय्यम मानून, जे थोड्यांनाच परवडते त्याला प्रमाण मानण्यात आले, ही त्या काळातील मोठी चूक होती.

तार शाळेपर्यंत का येत नाही?

साथ ओसरली, शाळा उघडल्या. तेव्हा हा विषय इतिहासजमा झाला, असे कोणी म्हणेल. परंतु ऑनलाइन शिक्षण आता आपत्तीतील पर्याय राहिलेले नाही; ते नित्य व्यवस्थेचा भाग झाले आहे. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत आहे. राज्याची अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा संगणकावर होते. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत रांग लावून, पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणारा विद्यार्थी आणि घरी बसून स्वतः पसंतीक्रम ठरविणारा विद्यार्थी एकाच यादीत उभे असतात. पहिल्याचा पसंतीक्रम अर्ध्या तासात, परक्याच्या सल्ल्याने ठरलेला असतो, हे यादीत दिसत नाही.

अशा वेळी सामाईक सोय हाच न्याय्य मार्ग ठरतो, आणि तिचे स्वाभाविक ठिकाण म्हणजे गावची शाळा. ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याचे होते. आतापर्यंत दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेस सिद्ध’ म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. ऑगस्ट २०२३मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाला मंजुरी मिळाली. परंतु ‘सेवेस सिद्ध’ आणि ‘सेवा सुरू’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ग्रामपंचायतीच्या कपाटात पेटी बसविली, की योजनेचा टप्पा पूर्ण होतो. तेथून शाळेपर्यंतचे काहीशे मीटर कोणाच्या खात्यात येतात, हे ठरलेले नसते. २०२४-२५च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. उरलेल्या शाळांपैकी बऱ्याच शाळा अशा काहीशे मीटरच्या अंतराने मागे राहिल्या असणार.

जोडणी मिळाली, तरी ती टिकविणे हा निराळा प्रश्न असतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून मोठ्या उत्साहाने संगणक, प्रक्षेपक आणि टॅब जमविले. त्यांतील कित्येक संच पुढे कपाटात गेले. संच एकदाच विकत घ्यावा लागतो. वीजबिल, इंटरनेटचे भाडे आणि दुरुस्ती यांचा खर्च दरमहा येतो. देणगीदार संच देतो, बिल देत नाही. बिल थकून वीज तोडली गेली, की ‘डिजिटल शाळा’ ही पाटी तेवढी उरते. भांडवली खर्चाचे कौतुक आणि आवर्ती खर्चाची उपेक्षा हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा जुना दोष येथेही आड येतो.

२०२०च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी शाळांतील दुर्बल घटकांच्या मुलांना साधने पुरविण्याचा आदेश दिला होता. त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तरी ८ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीचे परिणाम गंभीर असल्याचे सांगून शासनाला योजना सादर करण्याची आवश्यकता दाखवून दिली. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणाऱ्या देशात शिकण्याचे साधन मोफत शिक्षणात मोडते की नाही, हा मूळ प्रश्न त्यातून पुढे आला. पाठ्यपुस्तक मोडत असेल, तर अनिवार्य केलेले ऑनलाइन साधन का मोडू नये, याचे सयुक्तिक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

यातून निघणारे नियम दोनच आहेत. कोणताही अभ्यासक्रम, स्वाध्याय, परीक्षा किंवा अर्ज ऑनलाइन अनिवार्य करण्यापूर्वी, घरी साधन नसलेल्या विद्यार्थ्याने तो गावातच कोठे आणि कोणत्या वेळी पुरा करावयाचा, हे त्याच आदेशात नमूद असले पाहिजे. आणि शाळेच्या जोडणीसाठी केवळ खरेदीची नव्हे, तर दरमहाच्या बिलाची तरतूद वेतनाप्रमाणे नियमित असली पाहिजे. यासाठी प्रत्येक मुलाला टॅब वाटण्याचा डामडौल नको. सायंकाळी दोन तास उघडी राहणारी शाळेची एक खोली, चालू असलेली दहा यंत्रे आणि त्या दोन तासांचे मानधन मिळणारा एक जबाबदार माणूस, एवढ्याने नमुन्यातील त्या तीन मुलांचा एक तास निदान दोन तासांचा होईल. फळा शाळेचा असावा, हे तत्त्व दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणी नाकारले नाही. तो भिंतीवरून पडद्यावर आला, एवढ्याने तो मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीवर टांगणे समर्थनीय ठरत नाही.